लोअर थर्डच्या टेम्प्लेटमधले ब्रँडचे रंग सगळीकडे एकदम बदलायचेत (प्रीमियर + आफ्टर इफेक्ट्स)

रेवण_सातरस्ता
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही मुलाखतींची मालिका करतोय. बारा भाग आहेत, सगळे एकाच प्रीमियर प्रोजेक्टमध्ये. प्रत्येक भागात पाच-सहा माणसं बोलतात, यंत्रमागावरच्या कामगारापासून निर्यात बघणाऱ्या साहेबांपर्यंत. प्रत्येकाच्या नावाची पट्टी एकाच विकतच्या मोशन ग्राफिक्स टेम्प्लेटवरून केलेली आहे. वरच्या ओळीत नाव, खाली हुद्दा, डावीकडे उभी किनार.

आता कारखान्याने ब्रँड बदलला. आधी बाटली हिरवा आणि सोनेरी होता, आता हळदी पिवळा आणि गडद मरून. पिवळा `#F2B705`, मरून `#5A1020`. पट्टी निवडून पॅनेलमधून रंग बदलला की तेवढीच पट्टी बदलते, बाकीच्या हिरव्याच राहतात. शिवाय पॅनेलमधले तिन्ही रंग बदलले तरी पट्टीच्या उजव्या टोकाला हिरवी झाक उरतेच, ती कुठून येते कळत नाही.

नावं पुन्हा टाइप करावी लागू नयेत एवढंच बघायचंय. नावं कारखान्याकडून तपासून आलेली आहेत, त्यात आता हात घालायचा नाही. मार्ग सांगा.

चाटीगल्ली
सोपं आहे. टाइमलाइनवर ग्राफिकवर राइट क्लिक करून `Upgrade to Source Graphic` करा. मग ते प्रोजेक्ट पॅनेलमध्ये येतं आणि त्याच्या जितक्या कॉप्या असतील त्या सगळ्या एकदम बदलतात. मी आमच्या चॅनेलच्या कोपऱ्यातल्या पट्टीला हेच करतो.

रेवण_सातरस्ता
दादा, माझ्याकडे तो पर्यायच करडा दिसतो, दाबता येत नाही.

भवानीपेठ_वेडिंग
रंगाचा त्रास आमच्याकडेपण लई हाय बघा. लग्नात स्टेजवरचे एलईडी निळे-जांभळे असतात, नवरीचा शालू मरून असला तरी व्हिडिओत काळा दिसतो. मी लुमेट्रीत ह्यू-सॅच्युरेशनचा कर्व्ह ओढून मरून परत आणतो. तुम्हीपण पट्टीवर तेच करा की. हिरव्याचा बिंदू धरून पिवळ्याकडे न्यायचा, झालं.

पार्कचौक_स्टुडिओ
वेडिंगवाल्या दादांचं थोडं बरोबर आहे, पण कर्व्हपेक्षा `Change to Color` इफेक्ट बरा. आधीचा रंग द्यायचा, हवा तो रंग द्यायचा. सगळ्या पट्ट्या एकाच ट्रॅकवर असतील तर वर एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर पसरून इफेक्ट त्यालाच द्या. बारा भागांना बारा लेयर. अर्ध्या तासात मोकळे.

अनघा_मोशन
अ‍ॅडजस्टमेंट लेयरचा मार्ग इथे धोक्याचा आहे. तो लेयर खालचं सगळं चित्र बघतो, नुसती पट्टी नाही. कारखान्यात हिरवा टॉवेल, हिरवी साडी, भिंतीचा हिरवा ऑइलपेंट, यातलं जे जे त्या छटेजवळ असेल ते पिवळं होईल, आणि ते पट्टी नसतानाही होईल. इफेक्ट प्रत्येक पट्टीच्या क्लिपवर दिलात तर चित्र वाचेल, पण अक्षरांच्या आणि पट्टीच्या कडेला जे अर्धपारदर्शक पिक्सेल असतात तिथे रंग नीट धरला जात नाही. शंभर टक्क्यांवर बघितलं की हिरवट रेघ दिसते. पट्टीचा खरा रंग बदलता येत असताना वरून रंग चढवायला नको.

चाटीगल्ली, तुम्ही सांगितलेली सोय आहे, पण ती प्रीमियरमध्येच बनवलेल्या ग्राफिकला. रेवणचं टेम्प्लेट आफ्टर इफेक्ट्समधून आलेलं असणार, म्हणून तो पर्याय बंद दिसतोय. आणि समजा चालू असता तरी इथे उपयोग नव्हता. सोर्स ग्राफिकच्या सगळ्या कॉप्या मजकुरासकट एक असतात. एकीवर नाव बदललं की बाकीच्यांवर तेच नाव येईल. कोपऱ्यातल्या पट्टीवर तुमचा मजकूर कायम एकच असतो, म्हणून तुम्हाला ते जमतं.

रेवण, दोन गोष्टी सांग. टेम्प्लेटची `.mogrt` फाइल हाताशी आहे का? आणि आफ्टर इफेक्ट्स आहे का?

रेवण_सातरस्ता
ताई, दोन्ही आहे. पण आफ्टर इफेक्ट्स मला जेमतेम येतं. मी अजून एक करून बघितलं होतं, सांगून ठेवतो. टेम्प्लेट विकणाऱ्याकडून पिवळ्या रंगाची आवृत्ती मिळाली, ती त्याच नावाने जुन्यावर इन्स्टॉल केली. लायब्ररीत पिवळी दिसते, टाइमलाइनवर हिरवीच.

अनघा_मोशन
तसंच होणार. टेम्प्लेट टाइमलाइनवर टाकलं की प्रीमियर त्याची स्वतंत्र प्रत प्रोजेक्ट फाइलच्या शेजारी `Motion Graphics Template Media` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. टाइमलाइनवरची पट्टी त्या प्रतीशी जोडलेली असते. लायब्ररीतली फाइल बदलली तरी ही प्रत जुनीच राहते. बदल तिथपर्यंत पोचवायला `Alt` दाबून (मॅकवर `Option`) नवं टेम्प्लेट लायब्ररीतून ओढायचं आणि टाइमलाइनवरच्या जुन्या पट्टीवर सोडायचं. मग प्रीमियर विचारतं, एवढीच बदलू की प्रोजेक्टमधल्या सगळ्या. तिथे सगळ्या म्हणायचं.

अदलाबदल करताना प्रीमियर तुम्ही भरलेल्या किंमती वाचवायचा प्रयत्न करतं. जुन्या आणि नव्या टेम्प्लेटमधल्या नियंत्रणाचं नाव आणि प्रकार जुळला की जुनी किंमत नव्यात येते. तुझी नावं वाचतील ती याच्यामुळेच. पण याच नियमाने जुना रंगही परत येऊ शकतो. `Bar Color` नावाचं नियंत्रण दोन्हीकडे असेल आणि एखाद्या पट्टीवर हिरवा हाताने भरलेला असेल, तर अदलाबदलीनंतरही तिथे हिरवा दिसेल.

म्हणून मजकुराच्या नियंत्रणांची नावं अक्षरशः तीच ठेवायची आणि रंगांच्या नियंत्रणांची नावं बदलायची. `Bar Color` चं `Patti 2`, `Text Color` चं `Akshar 2`, असं काहीही. नाव जुळलं नाही की जुनी किंमत येत नाही, टेम्प्लेटमधला मूळ नवा रंग लागतो.

पार्कचौक_स्टुडिओ
हे नाव बदलायचं मला माहीत नव्हतं. पण अनघाताई, विकतचं टेम्प्लेट उघडतं का? आमच्याकडे तर फक्त `.mogrt` येतं, प्रोजेक्ट फाइल कोणी देत नाही.

अनघा_मोशन
आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवलेलं असेल तर उघडतं. `File > Open Project` मधून थेट `.mogrt` निवडायची, एक फोल्डर विचारतं, तिथे ती सुटी होते आणि प्रोजेक्ट उघडतो. प्रीमियरमध्ये बनवलेली `.mogrt` मात्र तशी उघडत नाही. परवान्यात फेरफाराला परवानगी आहे ना तेवढं बघून घ्या.

रेवण, तुझ्या हिरव्या झाकेबद्दल माझा अंदाज आहे. पट्टी शेप लेयरवर असेल आणि तिला साधा फिल न देता ग्रेडियंट फिल दिलेला असेल. ग्रेडियंट फिलचे रंग एक्स्प्रेशनने जोडता येत नाहीत, म्हणून बनवणाऱ्याने डावीकडचा सपाट भाग नियंत्रणाला जोडला आणि ग्रेडियंट तसाच सोडला असणार. उघडून बघ आणि सांग.

रेवण_सातरस्ता
उघडलं. अगदी तसंच निघालं. `BAR` नावाच्या प्रीकॉम्पमध्ये दोन शेप लेयर आहेत, खालच्याला `Gradient Fill` आहे, हिरव्यातून गडद हिरव्यात जाणारा. पुढे काय करू? सावकाश सांगा.

अनघा_मोशन
सावकाशच जाऊ. प्रोजेक्ट आधी वेगळ्या नावाने सेव्ह कर.

मुख्य कॉम्पमध्ये एक नल लेयर घे, नाव दे `RANG`. त्याच्यावर `Effect > Expression Controls > Color Control` तीनदा लाव आणि नावं दे `Patti`, `Akshar`, `Kinar`. तुझ्या टेम्प्लेटमध्ये रंग याच तीन ठिकाणांहून यायला हवेत, चौथं ठिकाण नको. `Patti` ला पिवळा दे. `Akshar` आणि `Kinar` दोन्हीला मरून.

मग प्रत्येक कॉम्प उघडून टाइमलाइनच्या शोधखान्यात `Color` टाइप कर. त्या कॉम्पमधल्या रंगाच्या सगळ्या जागा दिसतील. शोध उघड्या कॉम्पपुरताच चालतो, म्हणून आतले प्रीकॉम्प एकेक उघडावे लागतील. जिथे साधा रंग दिसेल तिथे `Alt` दाबून स्टॉपवॉचवर क्लिक कर आणि हे टाक (तुझ्या मुख्य कॉम्पचं नाव `LT_MAIN` धरलंय):

```
comp("LT_MAIN").layer("RANG").effect("Patti")("Color")
```

अक्षरांना सोपा मार्ग म्हणजे टेक्स्ट लेयरवर `Fill` इफेक्ट आणि त्याच्या रंगाला हेच, फक्त `Patti` च्या जागी `Akshar`. त्याची मर्यादा एवढीच की अख्खा लेयर एका रंगाचा होतो, अक्षराला वेगळी बाह्यरेषा असेल तर तीही त्यातच जाते. तुझ्या पट्टीत बाह्यरेषा नाही, त्यामुळे चालेल.

ग्रेडियंटच्या लेयरला आधी `Gradient Fill` काढून साधा `Fill` दे, मग लेयरवर `Gradient Ramp` इफेक्ट लाव. त्याचे `Start Color` आणि `End Color` एक्स्प्रेशन घेतात. सुरुवातीला वरचंच. शेवटच्या गडद टोकाला वेगळं नियंत्रण करू नकोस, ते पट्टीच्या रंगातूनच काढ:

```
c = comp("LT_MAIN").layer("RANG").effect("Patti")("Color");
[c[0]*0.7, c[1]*0.7, c[2]*0.7, 1]
```

म्हणजे पट्टीचा रंग कोणताही दिला तरी टोक त्याचंच गडद रूप राहील. रॅम्पचे सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू मात्र हाताने पट्टीच्या दोन टोकांवर आणून बसव, नाहीतर रंग सगळ्या फ्रेमभर पसरतो आणि पट्टीवर त्याचा लहानसा तुकडाच दिसतो.

सगळं जोडलं की खात्री करायची. तिन्ही नियंत्रणांना झगझगीत गुलाबी दे आणि पट्टी येताना, थांबलेली असताना, जाताना फ्रेम-फ्रेमने बघ. जिथे हिरवा किंवा सोनेरी दिसेल ती जागा जोडायची राहिलीय. पट्टी आत येताना चकाकीची जी रेघ धावते ना, ती हमखास सुटते. ती दहा-बारा फ्रेमच दिसते.

रेवण_सातरस्ता
चकाकीच सुटली होती ताई! सोनेरी होती, चौथ्या प्रीकॉम्पमध्ये. जोडली. मग `Essential Graphics` पॅनेलमध्ये जुने रंग काढले, नवे तीन ओढून ठेवले, मजकुराची दोन नावं तशीच ठेवली. एक्स्पोर्ट केलं, प्रोजेक्टच्या प्रतीवर `Alt` ने सोडलं, सगळ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या आणि नावं जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

दोन गोष्टी उरल्या. पहिली, पिवळा मळकट दिसतोय. गोदामाच्या अंधाऱ्या शॉटवर आयड्रॉपर लावला तर `#CE9C04` दाखवतो, मी दिला होता `#F2B705`. दुसरी, पहिले तीन भाग बदललेच नाहीत.

भवानीपेठ_वेडिंग
मळकट दिसतंय म्हंजे एक्स्पोजर कमी पडलंय. पट्टीला ब्राइटनेस द्या थोडा.

अनघा_मोशन
दादा, ब्राइटनेस दिला तर उजेडातल्या शॉटवर पट्टी पांढुरकी होईल. आकडे बघा ना. 242 चे 206 झालेत, 183 चे 156, 5 चे 4. तिन्ही बरोबर 85 टक्क्यांवर आलेत. रेवण, `BAR` लेयरची ओपॅसिटी 85 असणार, आणि खाली जवळपास काळं आहे म्हणून रंग तेवढाच उतरला. फिकट भिंतीच्या शॉटवर तोच पिवळा वेगळा दिसेल. `Color Control` पारदर्शकता ठरवत नाही, ती लेयरवरच बदलावी लागते. ब्रँडचा रंग नेमका हवा असेल तर ओपॅसिटी 100 कर. बाटली हिरव्यावर 85 खपून गेलं, कारण गडद रंगात खालचं चित्र मिसळलेलं फारसं कळत नाही.

अजून एक तपास. रंगसुधारणेचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर पट्ट्यांच्या वरच्या ट्रॅकवर नाही ना? असला तर पट्टीचा रंगही त्याच्यासोबत बदलतो. पट्ट्या नेहमी त्याच्या वर.

रेवण_सातरस्ता
ओपॅसिटी 85 च होती. 100 केली, आता आयड्रॉपर `#F2B705` देतो. अ‍ॅडजस्टमेंट लेयर खालीच आहे. पण आता कारखान्याचे साहेब म्हणतात की अक्षरं मरूनपेक्षा पांढरी बरी दिसतील, आधी हिरव्यावर पांढरीच होती म्हणे.

जेकार्ड_काका
मी व्हिडिओवाला नाही, चादरीची डिझाइनं करतो, पण रंगाचं म्हणून लिहितो. त्या पिवळ्यावर पांढरं घालू नका हो. वेबवाले दोन रंगांतला उजेडाचा फरक मोजतात ना, त्या हिशोबाने या पिवळ्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर साधारण 1.8 येतं, आणि वाचायच्या मजकुराला किमान 4.5 लागतं. मरून घेतलंत तर साडेसातच्या आसपास जातं. हिरवा गडद होता म्हणून त्याच्यावर पांढरं उठत होतं. साहेबांना दोन्ही पट्ट्या फोनवर, हात लांब करून वाचायला द्या. हुद्द्याची बारकी ओळ पांढऱ्यात वाचता येणार नाही.

आणि एक विचारतो. हा पिवळ्याचा आकडा तुम्हाला कोणी दिला? कारखान्यात रंग सुती कापडाच्या पँटोन नमुन्यावर ठरतो, कार्डावरच्या टीसीएक्स नंबराने. तो कापडाचा रंग आहे, पडद्याचा नव्हे. कोणी टॉवेलचा फोटो काढून त्यातून आकडा उचलला असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटचा पिवळेपणा त्यात मिसळला म्हणून समजा.

रेवण_सातरस्ता
काका, आकडा त्यांच्या नव्या लोगोच्या पीडीएफमधल्या रंगाच्या पानावरून घेतलाय, छापील लिहिलेला आहे. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लोगोचा जेपीजी आला होता, त्यात आयड्रॉपर प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा देत होता, म्हणून पीडीएफ मागून घेतली. पांढरा-मरूनचे दोन नमुने उद्या साहेबांना फोनवर दाखवतो.

जेकार्ड_काका
मग ठीक. तोच आकडा धरून चला, टॉवेलशी जुळवत बसू नका. टॉवेलच्या लूपवर उजेड पडतो तसा तो छटा बदलतो, पडद्यावर एकच आकडा त्याला गाठू शकत नाही.

चाटीगल्ली
पहिल्या तीन भागांचं काय झालं? ते का बदलले नाहीत?

रेवण_सातरस्ता
ते आत्ता उलगडलं. पहिले तीन भाग आमच्या आधीच्या एडिटरने केले होते. त्याने टेम्प्लेट बघून तशीच दिसणारी पट्टी प्रीमियरमध्येच, शेप आणि टेक्स्टने बनवली होती. दिसायला सारखी, पण टेम्प्लेटची नाहीच. चाटीगल्ली दादा, तुमचा सोर्स ग्राफिकचा पर्याय तिथे चालू दिसतोय, पण ताई म्हणाल्या तसं, नावं एक होतील.

पार्कचौक_स्टुडिओ
तिथे टेक्स्टची स्टाइल वापरा की. एका पट्टीवर अक्षरांची स्टाइल बनवून सेव्ह करायची, बाकीच्यांना लावायची, मजकूर आहे तसा राहतो.

अनघा_मोशन
हे बरोबर आहे, पण स्टाइल फक्त टेक्स्ट लेयरला लागते, शेपच्या पट्टीला लागत नाही. म्हणजे अक्षरं मरून होतील आणि पट्टी हिरवीच राहील. पट्टी टेक्स्टच्या `Background` ने बनवलेली असती तर तो रंग स्टाइलमध्येच आला असता. शेपने बनवलीय म्हटल्यावर माझं मत असं की त्या तीन भागांत नव्या टेम्प्लेटच्या पट्ट्या टाकाव्यात आणि जुन्यातून नाव-हुद्दा कॉपी-पेस्ट करावा. टाइप करायचं नाही, कॉपीच करायचं, म्हणजे तपासलेल्या नावाला धक्का लागत नाही. अजून कोणाकडे बरा मार्ग असेल तर सांगा, मलाही हवाय.

चाटीगल्ली
मी दुसरं सुचवतो. टेक्स्ट लेयर तसेच ठेवा, त्यातला शेप तेवढा पुसा, आणि खालच्या ट्रॅकवर नुसती रिकामी पट्टी सोर्स ग्राफिक करून टाका. ती सगळीकडे एकच असली तरी बिघडत नाही, तिच्यात नाव नाहीच. पुढे पुन्हा रंग बदलला तर एका ठिकाणी बदलायचा.

अनघा_मोशन
चांगलं सुचवलंत. पण जुन्यात पट्टी नावाच्या लांबीप्रमाणे ताणली जाते का ते बघावं लागेल. शेप टेक्स्टला पिन केलेला असेल तर वेगळी काढल्यावर ते ताणणं जाईल आणि लांब हुद्दा पट्टीबाहेर जाईल. रेवण, बघून सांग.

रेवण_सातरस्ता
पिन केलेलीच आहे, चारही बाजूंनी. "निर्यात विभाग व्यवस्थापक" आणि "जॉबर" एकाच लांबीच्या पट्टीत बसणार नाहीत. ताईंच्या मार्गानेच जातो, तीन भागांत मिळून सोळा पट्ट्या आहेत.

भवानीपेठ_वेडिंग
मला एक विचारायचं होतं. अनघाताई, माझ्याकडं लग्नाच्या टायटलचं टेम्प्लेट हाय, नवरा-नवरीची नावं दर वेळी वेगळी आणि रंग पत्रिकेप्रमाणे. मी दर वेळी नवी पट्टी करत बसतो. त्यालापण हे `RANG` चालंल का?

अनघा_मोशन
चालेल, आणि तुम्हाला तर अदलाबदलीची गरजच नाही. प्रत्येक लग्नाचा प्रोजेक्ट वेगळा, म्हणजे सुरुवातीलाच तीन रंग भरलेली एक पट्टी तयार करा आणि बाकीच्या तिच्या कॉप्या करून नावं बदला. रंग उरलेल्यांत आपोआप येतात, कारण कॉपी होताना भरलेल्या किंमती सोबत येतात. घोळ होतो तो पट्ट्या आधी टाकून रंग मागाहून बदलले तर.

रेवण_सातरस्ता
नमुने दाखवले. साहेबांनी मरून अक्षरं पक्की केली, हुद्द्याची ओळ पांढऱ्यात त्यांनाच वाचता आली नाही. सोळाही पट्ट्या बदलून झाल्या.

एक राहिलंय. माझ्या मॉनिटरवर आणि माझ्या फोनवर पिवळा जसा हवा तसा आहे, साहेबांच्या फोनवर तो केशरीकडे झुकतो. फाइल तीच.

पार्कचौक_स्टुडिओ
फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये व्हिव्हिड मोड असेल. नॅचरलवर करून बघायला सांगा.

जेकार्ड_काका
रात्री डोळ्यांना आराम म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय असते, तीही बघा. माझ्या फोनवर संध्याकाळी आपोआप चालू होते.

रेवण_सातरस्ता
दोन्ही बंद करून बघितलं. थोडा फरक पडला, पण केशरीपणा पूर्ण गेला नाही.

अनघा_मोशन
मग एक्स्पोर्ट केलेली फाइल पाठव, रंगाची माहिती फाइलमध्ये काय लिहिली गेलीय ते बघते. सिक्वेन्स रेक 709 मध्येच आहे ना? शूट एचएलजीमध्ये केलेलं असेल तर तेही सांग.

रेवण_सातरस्ता
सिक्वेन्स 709 आहे. एक कॅमेरा मात्र फोनचा होता, त्यावर एचडीआर चालू होतं का ते कॅमेरामनला विचारून उद्या लिहितो. फाइल पाठवतो.